एकशे वीस खणांचं आभाळ

माझ्याकडं एक फोटो आहे. नुसता बघितला तर त्यात काही नाही. काळपट आभाळ, खाली बाभळींची रांग आणि मधोमध कुणी मिरी सांडावी तसे ठिपके. पण उजेडाकडं धरला की त्याची चाळणी होते. प्रत्येक ठिपक्यात टाचणीचं एक भोक आहे. ती भोकं पाडणारी पोरगी चोवीस वर्षांची होती, तिच्याकडं प्राणिशास्त्राची पदवी होती, कडक इस्त्रीच्या दोन साड्या होत्या आणि अक्कल नव्हती. ती पोरगी म्हणजे मी. आता नातवंडं झाल्यावर तिला नावं ठेवायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

परभणीत शेतीच्या एका संशोधन कचेरीत मी हंगामी सहायक होते. पिकाचं नुकसान करणाऱ्या पाखरांचा अभ्यास, हे आमचं काम. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात सर फोटो काढायचे आणि मी ठिपके मोजायची. घरी आई पाहुण्यांना सांगायची, “आमची लेक सरकारी पाखरं मोजती.”

त्या वर्षी पेडगावातून अर्ज आला. ज्वारी हुरड्यात आली होती आणि भोरड्यांनी उच्छाद मांडला होता. भोरडी म्हणजे गुलाबी पोटाचं, काळ्या डोक्याचं, साळुंकीएवढं पाखरू. हिवाळ्यात ही पाखरं थव्यानं येतात, दिवसभर कणसं टिपतात आणि संध्याकाळी एका ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाला जमतात. पेडगावात त्यांचा मुक्काम ओढ्याकाठच्या एका बाभूळबनात होता. ते बन एका म्हातारीचं होतं. तिचा लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले. म्हातारी आणि सहा शेळ्या, एवढंच घर. उन्हाळाभर त्या शेळ्या बाभळीच्या शेंगांवर जगायच्या आणि म्हातारी शेळ्यांवर.

गावाचं म्हणणं साधं होतं. बन तोडा, भोरड्या जातील. म्हातारीचंही म्हणणं साधं होतं. “पाखरं काय माझ्या घरचं आवतन घेऊन आली व्हय?” शेवटी सरपंचांनी मध्य काढला. कचेरीनं पाखरं मोजावीत. पाच हजारांच्या वर निघाली तर बन तोडायचं. खाली निघाली तर बन राहील आणि कापणी होईपर्यंत गावानं पाळीपाळीनं गोफण घेऊन राखण करायची. म्हातारीनं मान डोलावली. शब्द दिला म्हणजे दिला.

एका संध्याकाळी सर आणि मी गेलो. सूर्य बुडायच्या आधी भोरड्या चहूकडून येऊन एकत्र झाल्या आणि बसण्याआधी बनावर घिरट्या घालायला लागल्या. सरपंच शेजारीच उभे होते. सगळा थवा एका चौकटीत मावेपर्यंत सर थांबले आणि मग त्यांनी बटण दाबलं. सरपंचांनीही कबूल केलं, “सगळी आली बघा. एक न्हाई राहिली.”

शहरातल्या स्टुडिओतून फोटो मोठा करून आणला, बारा इंच रुंद, दहा इंच उंच. सर म्हणाले, “यावर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक इंचाचे खण पाड. एकशे वीस होतील. त्यांना नंबर दे. चिठ्ठ्या टाक. निदान दहा-बारा खण निघू देत. तेवढेच मोज, सरासरी काढ, एकशे विसांनी गुण. आणि रेषेवरचं पाखरू? वरच्या आणि डाव्या रेषेवरचं धरायचं, खालच्या आणि उजव्या रेषेवरचं सोडायचं. नाहीतर एकच पाखरू दोन्ही खणांत मोजलं जाईल.”

एवढं सांगून सर येलदरीच्या धरणावर बदकं मोजायला आठवड्याभरासाठी निघून गेले. मागं राहिली ती शहाणी.

मी चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घालून हलवल्या. पहिली निघाली सात नंबरची. सात नंबर म्हणजे अगदी वरची ओळ. खणात काहीही नाही, नुसतं आभाळ. दुसरी निघाली एकशे अठरा. तो सगळ्यात खालचा खण, त्यात फक्त बाभळींचे शेंडे. तिसऱ्या खणात तीन पाखरं.

मला हसू आलं. हे काय मोजणं झालं? डोळ्यांदेखत हजारो भोरड्या आणि चिठ्ठ्या म्हणतात शून्य, शून्य, तीन. नशिबावर काय सोडायचं? शितावरून भाताची परीक्षा करतात, हे मी आईच्या चुलीपाशी शिकले होते. शीत कसं, भरलेलं हवं, दाबून बघता येईल असं. मग मी मधला, छान गच्च भरलेला सहासष्ट नंबरचा खण निवडला.

तो मात्र मी जीव ओतून मोजला. भिंग घेतलं. डाव्या रेषेवर एक पाखरू पंखानं चिकटलं होतं, ते धरलं. उजवीकडची दोन सोडली. वरच्या रेषेवरच्या एकासाठी तर मी दहा मिनिटं झगडले. त्या रेषेवरच्या पाखरासाठी मी कोर्टात गेले असते. खण कुठला घेतला याबद्दल मात्र मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

शहाऐंशी पाखरं. गुणिले एकशे वीस. दहा हजार तीनशे वीस.

शेवटच्या त्या विसावर मी खूश होते. नुसते दहा हजार म्हटलं की अंदाज वाटतो, वीस जोडले की शास्त्र होतं. तक्त्यात ‘नमुना निवडीची पद्धत’ असा रकाना होता. त्यात मी गोल अक्षरात लिहिलं: चिठ्ठीने. लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही, हे मला आजही टोचतं.

गावाला शनिवारी उत्तर हवं होतं. सर नव्हते, म्हणून मीच गेले, कागद आणि फोटो पिशवीत घालून. पारावर सरपंचांनी आकडा मोठ्यानं वाचला. कुणीतरी शिट्टी मारली. सोमवारी सकाळी बन तोडायचं ठरलं, इतक्या पटकन, जणू कुऱ्हाडींना आधीच धार लावून ठेवली होती.

म्हातारी एका कडेला उकिडवी बसली होती. ती उठली, माझ्याजवळ आली.

“दाव बरं तुजा फोटू.”

मी दाखवला. वर ट्रेसिंग पेपर तसाच होता. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“ह्या रेघा कशाला वढल्या?”

“आजी, सगळी पाखरं मोजायची नसतात. एक खण मोजायचा आणि त्यावरून सगळ्यांचा हिशेब काढायचा.”

“कोन्ता मोजलास?”

मी सहासष्टवर बोट ठेवलं. तिनं त्या खणाकडं पाहिलं, मग तिचं बोट हळूहळू फोटोच्या कडेकडं सरकलं. रिकाम्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

“आन् हितं किती पाखरं लिवलीस?”

मी पदर सारखा करायला लागले.

“शाऐंशीच लिवली ना? मंजी हे मोकळं आभाळ बी भरून टाकलंस तू.” तिनं फोटो माझ्या हातात दिला. “तलाठी बी असंच करतंय माय. पैशेवारी काढायला आलं की वड्याकाठचा चांगला तुकडा धरतंय, तेवढीच जवारी कापून तोलतंय, आन् सगळ्या गावात तसंच पिकलं म्हून लिवतंय. माळावरल्याच्या हाती कुसळं. तू त्याचीच भन दिसायलीस.”

भोवतालचे हसले. मी कशी दिसले असेन ते सांगता येणार नाही, पण काय बोलले ते पक्कं आठवतं. मी म्हणाले, “आजी, हे शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

“न्हाई कळत,” ती म्हणाली. “म्हून तर इचारायले.”

परतीच्या एसटीत मी फोटो पिशवीतून काढला आणि परत ठेवला. परत काढला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कुणी वारलं का?” मी नाही म्हणाले आणि पुन्हा फोटोवर वाकले. भाताचं भांडं ढवळलेलं असतं, म्हणून एक शीत पुरतं. आभाळ कुणी ढवळतं का? पाखरं मधे दाटतात, कडेला विरतात आणि कोपऱ्यात नसतातच. मला निघालेली पहिली चिठ्ठी खोटं बोलत नव्हती. ती मला सांगत होती की आभाळ बहुतेक रिकामं आहे. मीच तिला गप्प केलं होतं.

रविवारी सकाळी मी भाड्याच्या खोलीत दाराला कडी लावून बसले. आधी एकशे वीस खणांची चार ढिगांत वाटणी केली. अगदी रिकामे, बाभळींच्या शेंड्यांचे धरून, बावन्न निघाले. विरळ चौतीस. मध्यम बावीस. आणि माझ्या लाडक्या सहासष्टसारखे गच्च, फक्त बारा.

बारा. मी ते पुन्हा मोजले. एकशे वीस खणांत माझ्या खणासारखे फक्त बारा होते आणि मी सगळे तसेच धरले होते.

मग डबा घेतला, प्रत्येक ढिगाच्या वेगळ्या चिठ्ठ्या केल्या आणि रिकामे सोडून प्रत्येकातले सहा-सहा खण काढले. या वेळी जो निघाला तो मोजला, आवडो न आवडो. गच्च खणात सरासरी ऐंशी, मध्यमात बावीस, विरळात चार. बारा गुणिले ऐंशी, नऊशे साठ. बावीस गुणिले बावीस, चारशे चौऱ्याऐंशी. चौतीस चोक एकशे छत्तीस. बेरीज एक हजार पाचशे ऐंशी.

मी पेन्सिल खाली ठेवली. कुठं दहा हजार आणि कुठं दीड हजार. पाच हजारांच्या ह्या बाजूला बन उभं होतं आणि त्या बाजूला पडत होतं, आणि मी त्याला ढकलून त्या बाजूला नेलं होतं.

पण आता माझा माझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास राहिला नव्हता. काल जिनं दहा हजार म्हटलं तिच्या दीड हजारावर कोण भरवसा ठेवणार? म्हणून मी टाचणी घेतली. एकेका पाखराला टोचायचं, म्हणजे तेच परत मोजलं जाणार नाही. खण संपला की आकडा वहीत. कचेरीच्या मालाला भोकं पाडतोय, हे मला कळत होतं. सर काय म्हणतील हेही कळत होतं. तरी टोचत राहिले. दुपारी मालकीणबाईंनी दारावर थाप मारली, “जेवलीस का गं?” मी म्हटलं, “नऊशे अकरा.” त्या बिचाऱ्या निघून गेल्या.

दिवस कलताना शेवटचं पाखरू टोचलं. एक हजार सहाशे सत्तेचाळीस. चिठ्ठ्यांचा हिशेब आणि एकेक करून मोजलेला हिशेब यांत सदुसष्ट पाखरांचा फरक. पद्धत बरोबर होती. चुकली होती ती फक्त मी.

पेडगावला निरोप धाडायची सोय नव्हती. रविवारचं पोस्ट बंद आणि गावात त्याशिवाय दुसरा फोन नाही. सोमवारी पहाटेच मी स्टँडवर गेले आणि पाथरीची पहिली गाडी पकडली. पेडगावच्या फाट्यावर उतरायचं, तासाभरात पोचेन, असा हिशेब होता. पण ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे होते. कधी कुठला रस्ता बंद होईल सांगता यायचं नाही. अर्ध्या वाटेवर पुढं टायर जळत होते आणि लोक रस्त्यावर बसले होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून बिडी पेटवली.

“किती वेळ लागंल हो?” मी विचारलं.

“त्यांना इचारा,” तो म्हणाला. “मला बी घरी जायचंय.”

मी उतरले. साडीचा ओचा खोचला आणि शेतातल्या बांधावरून चालायला लागले. दोन्हीकडं ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. जाता जाता मी बोलणं पाठ करत होते. ‘नमुना निवडीत तांत्रिक त्रुटी आढळली आहे.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं, कारण त्यात मी कुठंच नव्हते. ती त्रुटी जणू आपोआप आढळली होती, वाटेत पडलेल्या नाण्यासारखी.

ओढा दिसायच्या आधी कुऱ्हाडीचा आवाज आला. मी पळायला लागले. चप्पल ढेकळात राहिली, ती घ्यायला मागं वळले, सापडेना, तशीच परत पळाले. वेडीच होते. एका चपलेनं काय होणार होतं?

चार बाभळी आडव्या पडल्या होत्या. पाचवीला घाव बसला होता. म्हातारी लांब शेळ्यांचे दोर धरून उभी होती आणि कुणाकडंच बघत नव्हती.

“थांबा,” मी म्हणाले. दम लागल्यानं ते नीट ऐकूसुद्धा गेलं नसेल, पण माझा अवतार बघून ते थांबले.

सरपंच पुढं आले. मी कागद दिला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

“शनिवारी दहा हजार. आज सोळाशे. बाई, उद्या किती?”

“उद्याही सोळाशेच.”

“मग शनिवारी काय झालं?”

पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण म्हातारी आता माझ्याकडं बघत होती.

“सरांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या,” मी म्हणाले. “टाकल्या, तर रिकामे खण निघाले. ते मला पटलं नाही. मग सगळ्यात भरलेला होता तो एकच मी निवडला आणि कागदावर चिठ्ठीनं निवडला असं लिहिलं. ते खोटं होतं.”

कुऱ्हाडवाल्यांपैकी एकानं तोंडातली सुपारी गिळली असावी, कारण त्याला ठसका लागला.

सरपंच काही लेचेपेचे नव्हते. म्हणाले, “बरं. पन पाखरामागं पाखरू लपतंय. फोटूत ते कसं दिसंल?”

प्रश्न बरोबर होता, माझ्यापेक्षा शहाणा. मी म्हणाले, “दिसत नाही. मधल्या गर्दीत काही लपलेली असणार. प्रत्येकीमागं एक लपली असं धरा, दुप्पट करा. तरी तीन हजार तीनशेच्या आतच राहतात.”

“आन् सोळाशे तरी खरं कशावरून?”

मी पिशवीतून फोटो काढला. काय करतेय याचा विचार केला नव्हता. नुसता वर धरला, सूर्याकडं. आणि सगळ्या भोकांतून उजेड आला. मधे दाट चमचमाट, बाजूला तुरळक ठिणग्या आणि कोपरे काळे, ठार काळे. एकेक पाखरू तिथं होतं.

“मोजा,” मी म्हणाले. “कुणीही मोजा. खण तुम्ही निवडा.”

सरपंचांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ त्यांनी तो तसाच सूर्याकडं धरून ठेवला. मग एका खणावर बोट ठेवून ओठ हलवत मोजलं, माझ्या वहीत बघितलं. दुसरा खण मोजला. तिसऱ्याला त्यांनी मुद्दाम कोपरा निवडला, तिथं काहीच नव्हतं, आणि वहीत शून्य लिहिलेलं बघून त्यांनी मान हलवली.

“ठेवा कुऱ्हाडी,” ते म्हणाले. “शब्द शब्द हाय. आजपासून राखन.”

लोक पांगले. काहीजण माझ्याकडं असे बघत गेले, की जणू हिच्यापेक्षा तलाठी बरा. मी म्हातारीजवळ गेले. मी म्हणाले, “आजी, चुकलं माझं.”

ती पडलेल्या बाभळींकडं बघत होती.

“ह्या चार,” ती म्हणाली, “ह्या तुज्या कोन्त्या खनात बसतेत गं?”

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसती उभी राहिले, एका पायात चप्पल.

“रडू नगं,” ती म्हणाली, जरी मी रडत नव्हते. “रस्ता बंद हाय म्हनत्यात. मंजी आज तू जायची न्हाईस. हे घे.” तिनं कमरेची गोफण सोडून माझ्या हातात दिली. “पयली पाळी तुजी.”

तिनं भाकरी दिली, तिखट दिलं आणि मला बनाशेजारच्या ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावर चढवलं. माझा पहिला दगड मागं गेला आणि तिच्या शेळीच्या पाठीत बसला. दुसरा कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. खालून तिचा आवाज आला, “माय, पाखरावर मार. माज्यावर नगं. मी एकच हाय, मोजायला लय सोपी.”

सर आठवड्यानं आले. त्यांनी चाळणी झालेला फोटो बघितला, तक्ता बघितला, ‘चिठ्ठीने’वर मी मारलेली काट आणि तिच्याखाली लिहिलेली खरी हकिगत वाचली. रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाले, “फोटो आता कचेरीच्या कामाचा राहिला नाही. तूच ठेव.”

पण मला फोटोपेक्षा माळ्यावरची ती संध्याकाळ जास्त आठवते. दिवस मावळायला आला तशा भोरड्या आल्या, चहूकडून. एकत्र झाल्या आणि बनावर घिरट्या घालायला लागल्या. जिथं चार झाडं होती तिथं आता फट होती. थवा त्या फटीवर आला, दचकल्यासारखा वर उसळला, पुन्हा फिरून आला. मी गोफण मांडीवर ठेवून बघत होते. म्हातारी खालून बघत होती. कितीतरी वेळ त्या बसेनात. मला वाटलं, आता जातात दुसऱ्या कुठं.

मग उरलेल्या बाभळींवर उतरल्या. मी डोळ्यांनीच आभाळात रेघा ओढल्या आणि मोजायला लागले, कोपऱ्यातल्या रिकाम्या खणापासून.